टाकी भरलेली असूनही छोटा डिशवॉशर मध्येच थांबून परत पाणी मागतोय? आधी बीप नक्की कधी वाजते ते बघा

नळाला न जोडता वापरायचे जे छोटे डिशवॉशर आहेत ना, म्हणजे ओट्यावर ठेवायचे, जगने वरून टाकीत पाणी ओतायचं आणि मागचा पाइप सिंकमध्ये नाहीतर बादलीत सोडायचा, त्यांची एक तक्रार सारखी येते. टाकी भरली, भरल्याची बीप वाजली, प्रोग्राम सुरू केला, आणि मग अर्ध्यात मशीन थांबून पाण्याचा दिवा लावून बीप बीप करत बसतं. बऱ्याच मशीनवर E1 दिसतो, काहींवर फक्त नळाचं चित्र लुकलुकतं. मग आपण फिल्टर काढून धुतो, व्हिनेगर फिरवतो, मशीन दोन दिवस नीट चालतं आणि परत तेच. ह्या "परत तेच" वरच लिहितोय, कारण एकदाच झालेली गोष्ट कशानेही सुटते, पण फिरून फिरून येणाऱ्या त्रासात लोक बहुतेक वेळा चुकीची वस्तू साफ करत असतात.

आधी हे मशीन पाणी वापरतं कसं ते थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. टाकी साधारण 5 लिटरची असते पण ते 5 लिटर एकदम आत जात नाही. आतला एक छोटा पंप टाकीतून साधारण दीड लिटरच्या आसपास पाणी भांड्यांच्या कप्प्यात घेतो, तेच पाणी तळातून ओढून फिरत्या हातांमधून परत परत भांड्यांवर मारलं जातं, मग ते घाण पाणी बाहेर फेकलं जातं, मग टाकीतून दुसरं दीड लिटर, परत फेक, मग तिसरं. म्हणजे नॉर्मल प्रोग्राममध्ये पाणी सहसा तीन वेळा घेतलं जातं, एक धुवायला आणि दोन विसळायला, आणि छोट्या क्विक प्रोग्राममध्ये बऱ्याचदा दोनच वेळा. तुमच्या मशीनमध्ये आकडे थोडे वेगळे असतील, माहितीपुस्तिकेत प्रोग्रामच्या तक्त्यात लिहिलेलं असतं, पण हिशोबाची रीत हीच.

आता ह्यात मशीनला "पाणी कमी आहे" असं कळतं कुठून? टाकीत एक फ्लोट असतो, तो वर आला की भरल्याची बीप. आणि कप्प्यात किती पाणी गेलं ते मोजायला काही मशीनमध्ये पाण्याच्या वाटेवर एक बारीक चक्री असते, तिच्यात चुंबक असतो, ती किती वेळा फिरली ते मोजून मशीन लिटरचा अंदाज करतं, आणि काहींमध्ये कप्प्यातली पातळी बघणारा स्विच असतो. ठरलेल्या वेळात ठरलेलं पाणी आलं नाही की E1. बस. मशीनला एवढंच कळतं की पाणी पोचलं नाही. ते टाकीतच नव्हतं, की होतं पण आलं नाही, की आलं आणि पाइपातून पळून गेलं, ह्यातला फरक त्याला कळत नाही, तो आपल्यालाच शोधावा लागतो.

आणि तो शोधायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बीप कधी वाजली ते बघणं. सुरुवातीलाच वाजली का, धुणं चालू असताना मध्येच कुठेतरी वाजली का, का दरवेळी शेवटच्या विसळणीला वाजते. हे तीन वेगळे आजार आहेत.

शेवटच्या विसळणीलाच अडतंय

हे सगळ्यात जास्त दिसतं आणि ह्यालाच लोक सगळ्यात जास्त वेळा पंप खराब झाला असं समजतात. ओळखायची खूण अशी, की क्विक प्रोग्राम अजिबात कुरकुर न करता पूर्ण होतो आणि नॉर्मल किंवा इंटेन्सिव्ह लावला की शेवटाकडे अडतो. पंप किंवा चक्री बिघडली असती तर क्विकलाही बिघडलीच असती ना, तिला काय माहीत कोणता प्रोग्राम चालू आहे. दोन वेळा पाणी नीट घेतलं आणि तिसऱ्या वेळी पुरलं नाही म्हणजे बहुतेक वेळा एकूण पाणीच कमी होतं.

आमच्या मावसबहिणीकडच्या मशीनचं हेच चाललं होतं. तिने फिल्टर धुतला, सायट्रिक ॲसिड फिरवलं, टाकीच्या तोंडाची जाळी ब्रशने घासली, प्रत्येक वेळी मशीन काही दिवस बरं चालायचं आणि मग परत शेवटच्या विसळणीला बीप. शेवटी आम्ही सरळ पाणी मोजायचं ठरवलं, आणि मी म्हणेन की काहीही उघडायच्या आधी हेच करा, ह्याला एक मापाचा जग आणि एक बादली एवढंच लागतं.

रीत अशी. टाकी पूर्ण रिकामी आहे ह्याची खात्री करायची, नाहीतर आधीच्या अर्धवट प्रोग्रामचं पाणी आत असतं आणि सगळा हिशोब चुकतो. मग मापाच्या जगने पाणी ओतायचं आणि भरल्याची बीप वाजेपर्यंत नक्की किती गेलं ते लिहून ठेवायचं. बाहेरचा पाइप सिंकमध्ये न सोडता रिकाम्या बादलीत सोडायचा, बादली 8-10 लिटरची घ्या, आणि पाइपाचं तोंड बादलीच्या काठाला चिमट्याने अडकवा, पाण्यात बुडू देऊ नका. मशीनने पाणी फेकलं की दर वेळी बादलीतलं पाणी मोजायचं आणि ओतून द्यायचं. एक सांभाळा, धुण्याचं पाणी चांगलंच गरम असतं, लगेच हात घालू नका, बादली जरा निवू द्या.

तिच्याकडे बीप वाजली तेव्हा टाकीत 4.5 लिटर गेलं होतं. टाकीवर लिहिलेलं 5 लिटर. पहिली फेक आली 1.5 लिटर, दुसरी पण 1.5, आणि मग तिसरं पाणी घेताना मशीन अडलं. तिथे प्रोग्राम रद्द केला, तर मशीनने फेकलं 1.2 लिटर. सगळं मिळून 4.2, म्हणजे 300 मिली आतच राहिलं, आणि तेवढं राहणं नॉर्मल आहे, तळाच्या खोलगट भागात थोडं पाणी नेहमीच उरतं, थोडं ओल्या भांड्यांवर असतं, थोडी वाफ होते. म्हणजे पाणी कुठे पळालेलं नव्हतं, गळती नव्हती, पंपाने टाकीतलं सगळं पाणी इमानदारीत आत घेतलं होतं. फक्त तिसऱ्या वेळी दीड लिटरच्या वर हवं होतं आणि टाकीत सव्वाच उरलं होतं. पुढच्या वेळी तसंच 4.5 ला बीप वाजू दिली, शेवटी अडलं तेव्हा रद्द न करता वरून अर्धा लिटरला थोडं कमी पाणी ओतलं, मशीनने दोन मिनिटांत आपणहून पुढे सुरू केलं आणि प्रोग्राम संपवला. ह्याच्यापेक्षा चांगला पुरावा नको. मशीन धडधाकट होतं, भरल्याची बीप लवकर वाजत होती.

आता ती लवकर का वाजत होती? कारण मशीन तिरकं होतं. डोळ्यांना अजिबात दिसत नव्हतं, पण फोनमधलं लेव्हलचं ॲप मशीनच्या माथ्यावर ठेवलं तर जवळजवळ दोन अंश, सिंकच्या बाजूला. ओट्याला पुष्कळदा सिंककडे हलका उतार मुद्दाम ठेवलेला असतो, पाणी साचू नये म्हणून. टाकीतला फ्लोट ज्या टोकाला आहे ते टोक खाली झालं की तिथलं पाणी आधी वर येतं, फ्लोट उचलला जातो, बीप वाजते, आणि दुसऱ्या टोकाला टाकी अजून रिकामीच असते. टाकी पसरट असेल तर थोड्याशा उतारानेही पाव-अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो, आणि ह्या मशीनच्या हिशोबात तेवढा फरक म्हणजे शेवटची विसळणी गेली.

उलटंही होतं बरं का. फ्लोटचं टोक वर राहिलं तर बीप उशिरा वाजते, टाकीत जास्त पाणी जातं आणि ते कुठूनतरी ओसंडून मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये उतरतं, मग E1 ऐवजी दुसराच कोड येतो, त्याचं पुढे सांगतो.

मग दर वेळी साफसफाई केल्यावर दोन-चार दिवस बरं का चालायचं, ह्याचं उत्तर पण ह्यातच सापडलं. मशीनखाली आवाज कमी व्हावा म्हणून फोमची मऊ चटई घातलेली होती. साफ करायला मशीन उचललं की चटई फुगून जागेवर यायची, मशीन परत ठेवलं की सुरुवातीला सरळ बसायचं, आणि मग पाण्याच्या वजनाने, थरथरीने आणि दाराशी वाकून भांडी भरताना येणाऱ्या दाबाने चटई एका बाजूला दबत जायची. फरक फिल्टर धुतल्याने पडतच नव्हता, मशीन उचलून ठेवल्याने पडत होता. बिचारा फिल्टर उगाच घासला गेला.

उपाय साधा आहे, चटई काढायची, मशीनचे पाय फिरवून कमीजास्त होत असतील तर ते फिरवायचे, होत नसतील तर खालच्या बाजूच्या पायांखाली कडक रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या द्यायच्या. घडी केलेलं फडकं, पुठ्ठा, स्पंज हे नको, ओलं झालं की दबतं आणि आपण परत पहिल्या पानावर. लेव्हल बघताना टाकी भरलेली असताना बघा, रिकाम्या मशीनची लेव्हल आणि 5 किलो पाणी पोटात असलेल्या मशीनची लेव्हल वेगळी येऊ शकते, खास करून ओट्यावर अजून एखादी फळी टाकून त्यावर मशीन ठेवलं असेल तर. आणि पुढून मागे तसंच डावीकडून उजवीकडे दोन्हीकडून बघा. तिच्याकडे चकत्या लावल्यावर बीप 4.9 च्या आसपास वाजायला लागली आणि तक्रार संपली.

मध्ये एक भाबडा उपाय बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो, की बीप वाजली तरी अजून अर्धा लिटर ओतून द्यायचं दर वेळी. मोजून बघितलेलं असेल की बीप खरंच लवकर वाजते तर एखाद दिवस चालेल, पण सवय म्हणून नको, कारण ज्या दिवशी मशीन सरळ बसलेलं असेल त्या दिवशी तेच अर्धा लिटर ट्रेमध्ये जाईल. आणि पाणी थेट दार उघडून कप्प्यात ओतायचा प्रकार तर करूच नका, बरीचशी मशीन प्रोग्राम सुरू झाल्या झाल्या आधी आतलं पाणी बाहेर फेकतात आणि मग टाकीतून घेतात, तुमचं ओतलेलं सगळं सिंकमध्ये.

धुणं चालू असताना मध्येच, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी

ह्याची खूण म्हणजे ठिकाण ठरलेलं नसतं. कधी दहाव्या मिनिटाला, कधी अर्ध्या तासाने, कधी पूर्ण प्रोग्राम नीट. ह्यात पाणी आत पोचलेलं असतं पण जिथे हवं तिथून नाहीसं होतं. नाहीसं व्हायचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता बाहेरचा पाइप. पाइप ओट्यावरून सरळ खाली जमिनीवरच्या बादलीत सोडलेला असेल तर फेकणारा पंप बंद असतानाही पाणी आपोआप उतारावरून वाहू शकतं, त्या पंपात पाणी धरून ठेवेल असं फार काही नसतं, तो बंद असला तरी त्यातून पाण्याला वाट असते. म्हणून पाइपाचा काही भाग कप्प्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर जाऊन मग खाली यायला लागतो. काही मशीनमध्ये हा वळसा कंपनीने आतच दिलेला असतो, तिथे पाइप खाली सोडला तरी चालतं, काहींमध्ये नसतो आणि तो आपल्याला बाहेरून द्यावा लागतो, पुस्तिकेत पाइपाचं चित्र आणि कमीत कमी, जास्तीत जास्त उंची दिलेली असते ती जरूर बघा. तपासायला अगदी सोपं, धुणं चालू असताना, म्हणजे पाणी फेकायची वेळ नसताना, पाइपाच्या तोंडाकडे दोन मिनिटं बघत राहा. थेंब थेंब किंवा बारीक धार येत असेल तर सापडलं. पाइप मशीनच्या माथ्याच्या उंचीपर्यंत नेऊन तिथे टेपने किंवा हुकने अडकवा आणि मग खाली सोडा. मात्र उंच म्हणून वरच्या कपाटापर्यंत नेऊ नका, छोटा पंप आहे, तेवढं चढवणार नाही आणि घाण पाणी आतच राहील.

पाइपाचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडलेलं असेल तर अजून एक गंमत होते. फेकून झालं की तेच घाण पाणी परत आत ओढलं जाऊ शकतं, म्हणजे मशीनच्या हिशोबाबाहेरचं पाणी आत येतं. बादली छोटी असेल तर शेवटच्या फेकीला तोंड बुडतंच. मग भांड्यांना वास येतो, कचकच राहते, आणि आपण डिटर्जंट बदलत बसतो. तोंड नेहमी पाण्याच्या वर, आणि सिंकमध्ये सोडत असाल तर सिंकच्या जाळीवर चिकटून बसणार नाही असं.

दुसरा रस्ता भांडी. हा फार कमी लोकांच्या लक्षात येतो कारण मोठ्या डिशवॉशरमध्ये ह्याने फारसा फरक पडत नाही. विचार करा, फिरणारं पाणी सगळं मिळून दीड लिटर. त्यात एक खोलगट वाडगं उलटून सरळ झालं आणि त्यात अर्धा लिटर साठलं तर पंपाला फिरवायला लिटरभर उरलं. दोन मग आडवे झाले की अजून गेलं. मग पंप पाण्याबरोबर हवा ओढायला लागतो आणि आवाज बदलतो, एकसारखा सर्र आवाज असतो तो तुटक होतो, खर्र-शांत-खर्र असा. पातळी बघणारा स्विच असलेलं मशीन अशा वेळी परत पाणी घेतं, टाकीतलं शेवटच्या विसळणीचं पाणी आत्ताच संपवतं, आणि पुढे जाऊन अडतं. म्हणजे कारण मध्ये आणि बीप शेवटी, म्हणून वरचा मापाचा प्रयोग करताना भांडी न घालता करा, नाहीतर गोंधळ होईल. रिकामं मशीन नीट चालतं आणि भांडी घातली की अडतं, तर भांडी रचण्यातच आहे. अडल्या अडल्या दार उघडा, गरम वाफ येते तोंड लांब ठेवा, आणि पाणी भरून बसलेलं वाडगं शोधा. हलकी प्लॅस्टिकची डबी-झाकणं ह्यात पहिली गुन्हेगार, पाण्याच्या माऱ्याने उलटतात, ती जड भांड्याखाली अडकवा नाहीतर हाताने धुवा.

फेसानेही अगदी असाच तुटक आवाज येतो. हाताने भांडी घासायचं लिक्विड चुकून गेलं, किंवा भांडी आधी त्याच लिक्विडने विसळून फेसासकट आत ठेवली, तरी पुरतं. पंपाला फेस ओढता येत नाही, पाणी मारायला येत नाही आणि बाहेरही नीट फेकता येत नाही. दार उघडल्यावर ढगासारखा फेस दिसला तर प्रोग्राम रद्द करून पाणी फेकू द्या, आतला फेस पुसून घ्या, आणि नुसत्या पाण्याचे एक-दोन क्विक प्रोग्राम रिकामे चालवा. डिशवॉशरचंच डिटर्जंट घालताय आणि तरी फेस होतोय तर जास्त पडतंय, मोठ्या मशीनसाठी असलेली अख्खी टॅबलेट दीड लिटर पाण्याला जड होते, अर्धी करून बघा किंवा पावडर वापरा म्हणजे कमी घालता येते. वेष्टन विरघळणारी टॅबलेट मात्र कापू नका, आतली लिक्विडवाली तर नाहीच नाही.

सुरुवातीलाच, पहिलं पाणी घेतानाच

टाकी भरलेली आहे, सुरू केलं, पंपाचा घर्र आवाज आला, आणि एक-दोन मिनिटांत E1. इथे पाणी टाकीतून आत येतच नाहीये, किंवा येतंय पण मोजलं जात नाहीये. ह्यातलं कोणतं ते कळायला दार उघडून बघा. कप्प्याचा तळ कोरडा म्हणजे येत नाहीये. तळाशी चांगलं पाणी दिसतंय तरी E1 म्हणजे मोजणारी चक्री किंवा स्विच अडकलाय.

तळ कोरडा असेल आणि पंपाचा आवाज नेहमीपेक्षा हलका, मोकळा येत असेल तर बहुतेक वेळा हवा अडकलीय. मशीन बरेच दिवस बंद होतं, जागा बदलली, किंवा मागच्या वेळी टाकी ठणठणीत रिकामी होईपर्यंत पंप चालत राहिला, ह्यानंतर होतं. टाकी बीप वाजेपर्यंत पूर्ण भरा, अर्धी नको, वरच्या पाण्याच्या दाबाने हवा सरकायला मदत होते. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग सुरू करा, अडलं की रद्द करून परत सुरू करा, दोन-तीन वेळात पंपाचा आवाज जड होतो आणि पाणी यायला लागतं. उकळतं पाणी टाकीत ओतून लवकर काम होईल असं वाटतं पण ते टाळा, टाकी आणि त्यातल्या रबराच्या सीलला ते मानवत नाही, पुस्तिकेत चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल तेवढंच कोमट घ्या.

हवा नसेल तर टाकीच्या तळाची किंवा तोंडाची जाळी बघा, जगमधून आलेला कचरा, जुन्या क्षाराचे पापुद्रे तिथे बसतात. हा फिल्टर आणि कप्प्याच्या तळाचा फिल्टर वेगळे बरं, अन्नाचे कण अडवणारा तळाचा फिल्टर कितीही धुतला तरी टाकीकडून येणाऱ्या पाण्याला काही फरक पडत नाही. E1 आला की सगळे तळाचाच फिल्टर धुतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पाणी येतंय पण मोजलं जात नाहीये ह्याला बहुतेक वेळा जड पाण्याचा क्षार कारण असतो. ह्या छोट्या मशीनमध्ये पाणी मऊ करायचा मिठाचा कप्पा सहसा नसतो, त्यामुळे जे पाणी ओताल ते जसंच्या तसं आत जातं, आणि चक्रीच्या बारीक आसावर क्षार बसला की ती जड फिरते, मग थांबते. ह्याची एक खूण म्हणजे हे हळूहळू वाढतं, आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग रोज. टाकीत साधारण 50 ते 60 ग्रॅम सायट्रिक ॲसिड पूर्ण विरघळवून टाका, आधी जगमध्ये विरघळवा मग ओता, अर्धा तास राहू द्या, मग भांडी आणि डिटर्जंट न घालता सगळ्यात गरम प्रोग्राम चालवा. डिटर्जंट घातलं तर ते ॲसिडला मारून टाकतं, आणि ब्लीच तर ॲसिडबरोबर कधीच नाही, विषारी वायू होतो. नंतर एक साधा प्रोग्राम नुसत्या पाण्याचा. कप्प्यात वाटीभर व्हिनेगर ठेवून प्रोग्राम चालवला तर कप्पा चकचकीत होतो पण चक्रीपर्यंत तेवढं पोचत नाही, कारण ती टाकी आणि कप्पा ह्यांच्या मधल्या वाटेवर आहे. म्हणून "व्हिनेगर केलं तरी परत आलं". औषध टाकीतूनच जायला हवं. ओतायला क्षार काढलेलं मऊ पाणी मिळत असेल तर हा भाग जवळपास बंदच होतो.

कोड E1 नसून E4 असेल

सगळ्या कंपन्यांचे कोड सारखे नसतात, पण बऱ्याच छोट्या मशीनमध्ये E4 म्हणजे पाणी ओसंडलं किंवा गळलं. खालच्या ट्रेमध्ये थर्माकोलचा एक तुकडा स्विचसकट असतो, ट्रेमध्ये पाणी आलं की तो उचलला जातो आणि मशीन सगळं थांबवून फेकणारा पंप चालू ठेवतं, बंद करून चालू केलं तरी तेच. आधी प्लग काढा, टाकी आणि कप्पा रिकामा करा, मग दोघांनी धरून मशीन टॉवेलवर हळूच तिरकं करा, ट्रेमधलं पाणी निघेल, उरलेलं सुकायला एक दिवस द्या. मशीन चालू होईल. पण ट्रेमध्ये पाणी आलं कुठून ते शोधल्याशिवाय हा कोड परत येणारच, आणि कारणं वरचीच, बीप झाल्यावर ओतलेलं जास्तीचं पाणी, ओतताना टाकीच्या तोंडाबाहेर सांडलेलं, तिरकं ठेवलेलं मशीन, फेस. ही चारही नाहीत आणि मोकळं मशीन नुसत्या पाण्यावर चालवूनही ट्रे ओला होतोय तर आतला एखादा पाइप किंवा सील गेलंय, तिथे घरी स्क्रू उघडू नका, पाणी आणि वीज शेजारी शेजारी आहेत आणि वॉरंटी असेल तर ती पण जाते.

सर्व्हिसवाल्याला बोलवायची वेळ आलीच तर "पाणी घेत नाही" एवढंच सांगू नका, तो पण आधी फिल्टरच धुवून जाईल. बीप वाजेपर्यंत किती लिटर गेलं, प्रत्येक फेकीला किती आलं, कितव्या वेळी अडलं, अडलं तेव्हा तळ कोरडा होता का ओला, आणि क्विकला पण होतं का फक्त नॉर्मलला, एवढं कागदावर लिहून द्या. तिन्ही वेळा पाणी बरोबर आलं-गेलं आणि तरी E1 असेल तर चक्री किंवा स्विच बदलून घ्यायचा. टाकी भरलेली, तळ कोरडा, हवा काढून झाली, जाळी साफ, आणि पंपाचा आवाजच येत नसेल तर पंप किंवा त्याची वायर.

प्रोग्राम मध्येच रद्द केला असेल तर टाकीत पाणी उरलेलं असतं हे पुढच्या वेळी भरताना ध्यानात ठेवा, नेहमीपेक्षा लवकर बीप वाजली म्हणून लगेच लेव्हल काढून बसू नका.